ऑर्डर लांबली? ताईंना आजच कळवा

घरून साड्या, मसाले, दागिने किंवा फराळ विकणाऱ्या अनेक मैत्रिणींच्या फोनमध्ये एक मेसेज अर्धवट टाइप करून ठेवलेला असतो. ‘ताई, तुमची ऑर्डर थोडी लेट होतेय...’ एवढं लिहून बोट थांबतं. उद्या कारागिराचा फोन येईल, कदाचित लवकर जमेल, उगाच आत्ता कशाला सांगायचं, असं वाटतं. दोन दिवस जातात, चार जातात आणि शेवटी समोरूनच विचारणा होते, ‘माझी साडी कुठवर आली?’

आज याच मेसेजबद्दल बोलू या. कधी पाठवायचा, त्यात कोणती तारीख लिहायची आणि ‘नको असेल तर रद्द करा’ हे वाक्य कसं लिहायचं, की ते नुसतं शिष्टाचाराचं राहणार नाही.

आधी एक फरक लक्षात घ्या. माल आज हाताशी नाही, पण येणार आहे आणि कधी येणार हे हिशोबाने सांगता येतं, तेव्हा त्या ऑर्डरला ‘बॅक-ऑर्डर’ म्हणतात. माल येणारच नाही किंवा कधी येईल याचा काहीच अंदाज नाही, तर ती बॅक-ऑर्डर नव्हे. तिथे नवी तारीख देणं म्हणजे थाप मारणं. अशा वेळी सरळ पैसे परत करावेत. म्हणून मेसेज लिहिण्याआधी स्वतःला विचारा, माझ्याकडे तारीख आहे की नुसती आशा आहे?

एक उदाहरण

समजा, इंदूरची एक मैत्रीण महेश्वरच्या विणकराकडून हातमागाच्या महेश्वरी साड्या विणून घेते आणि व्हॉट्सअॅपवर विकते. तिच्या ग्राहक पुण्यापासून बेंगळुरूपर्यंत आणि थेट गुवाहाटीतही आहेत. तिने १८ साड्यांची ऑर्डर घेतली. साडी ३,२०० रुपयांची, त्यातले निम्मे, म्हणजे १,६०० रुपये आगाऊ. ‘२० सप्टेंबरपर्यंत साडी तुमच्या हातात असेल,’ असं तिने सगळ्यांना सांगितलं.

८ सप्टेंबरला विणकराचा फोन येतो. संततधार पावसामुळे रंगवलेलं सूत वाळलेलं नाही. ७ साड्या तयार आहेत, ११ अजून मागावर चढायच्या आहेत. ‘महिनाभर धरा, १० ऑक्टोबरपर्यंत सगळ्या देतो,’ असं तो म्हणतो.

तयार ७ साड्या ज्यांच्या आहेत त्यांना लगेच जातील. प्रश्न उरलेल्या ११ जणींचा आहे.

कधी सांगायचं?

त्याच दिवशी. फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

याचं कारण नुसता प्रामाणिकपणा नाही. ज्या ताईंना साडी ठरावीक दिवसासाठी हवी आहे, त्यांच्याकडे ८ सप्टेंबरला दुसरीकडे शोधायला वेळ आहे. हीच बातमी १९ तारखेला दिली, तर ‘हवं तर रद्द करा’ हे वाक्य तेच राहतं, पण त्याची किंमत उरत नाही. अकरा दिवस तुम्ही वापरून टाकलेले असतात. ऑर्डर रद्द करण्याची मुभा म्हणजे पैसे परत मिळणं एवढंच नाही, दुसरी वस्तू घ्यायला वेळ मिळणं हाही तिचाच भाग आहे. वेळ संपल्यावर दिलेली मुभा नावापुरतीच असते.

तारीख कशी काढायची?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. विणकर ‘१० ऑक्टोबर’ म्हणाला, म्हणून आपणही ‘१०-१२ ऑक्टोबरपर्यंत’ असं लिहून टाकतो. पण विणकराची तारीख मागावरून साडी उतरण्याची असते. ताईंना हवी असते ती साडी हातात पडण्याची. या दोन तारखांच्या मधले दिवस मोजले नाहीत, तर नवी तारीखही चुकणार हे ठरलेलंच.

म्हणून विणकराला ‘होईल ना नक्की?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘होईल’ असंच येतं. असे प्रश्न विचारा, ज्यांचं उत्तर आकड्यात द्यावं लागेल. सूत हातात कधी येणार? माग किती चालणार? एका साडीला किती दिवस? मध्ये सुट्या किती?

समजा, उत्तरं अशी आली. ताणा चढवून काम १६ सप्टेंबरला सुरू होईल. दोन माग चालतील. एका साडीला चार दिवस. सणाच्या दोन सुट्या धराव्या लागतील. दोन मागांवर ११ साड्या म्हणजे एकावर सहा आणि दुसऱ्यावर पाच. सहा साड्यांना २४ दिवस, म्हणजे ९ ऑक्टोबर. सुट्या धरून ११. महेश्वरहून इंदूरला यायला एक दिवस. प्रत्येक साडी उलगडून तपासणं, घडी, पॅकिंग यांना दोन दिवस, म्हणजे १४ तारीख. लांबच्या कुरिअरला सहा दिवस, म्हणजे २०. त्यावर पाच दिवस हाताशी ठेवले, तर २५ ऑक्टोबर. विणकराच्या १० तारखेपासून आपण पंधरा दिवस पुढे आलो आणि यातला एकही दिवस फुगवलेला नाही.

पण सगळ्या ११ जणींना २५ ऑक्टोबर सांगायची गरज नाही. बारा दिवसांत दोन्ही मागांवर मिळून सहा साड्या होतात. त्या उतरवून आधी पाठवायला विणकर तयार असेल, तर त्या २७ सप्टेंबरला हातावेगळ्या होतील. एक सुट्टी, एक दिवस प्रवास, दोन दिवस पॅकिंग, सहा दिवस कुरिअर असं धरलं की ७ ऑक्टोबर येते आणि वर तीन दिवस ठेवून १० ऑक्टोबर. म्हणजे सहा जणींना १० ऑक्टोबर आणि पाच जणींना २५ ऑक्टोबर. पहिल्या खेपेत कमी दिवस हाताशी ठेवले तरी चालतात, कारण जितकं जवळचं काम, तितका अंदाज पक्का.

पहिल्या सहा कोण? इथे ऑर्डरच्या वहीतला एक रकाना उपयोगी पडतो, ‘कधीपर्यंत हवी’. ऑर्डर घेतानाच ‘काही खास दिवसासाठी आहे का?’ असं विचारून तो भरून ठेवला असेल, तर नवरात्रासाठी किंवा लग्नासाठी मागवलेल्या साड्या पहिल्या खेपेत लावता येतात. बाकीच्यांचा क्रम ऑर्डरच्या तारखेप्रमाणे. जी जास्त ओरडेल तिची साडी आधी, असा क्रम लावू नका. ग्राहक एकमेकींशी बोलत असतात.

मेसेजमध्ये एकच तारीख लिहा. ‘१५ ते २५ च्या दरम्यान’ असं लिहिलं तर वाचणारीच्या मनात १५ राहते आणि तुमच्या मनात २५. ‘लवकरात लवकर’, ‘आठवड्याभरात’ हे शब्द तर नकोच, कारण आठवडा कधीपासून मोजायचा हे कोणालाच कळत नाही.

मेसेज असा लिहा

> नमस्कार ताई, तुमच्या महेश्वरी साडीबद्दल (जांभळी, बुगडी काठ) कळवायचं आहे. ही साडी २० सप्टेंबरला मिळेल असं मी सांगितलं होतं, पण ती त्या तारखेला मिळणार नाही. पावसामुळे रंगवलेलं सूत वाळलं नाही, म्हणून विणकाम मागे पडलं आहे. साडी आता २५ ऑक्टोबरपर्यंत तुमच्या हातात येईल.
>
> तुम्ही थांबणार असाल तर ‘थांबते’ असं लिहा.
> नको असेल तर ‘रद्द’ असं लिहा. तुमचे १,६०० रुपये दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ण परत करीन, काहीही कापणार नाही.
>
> कृपया १२ सप्टेंबरपर्यंत कळवा. तोपर्यंत उत्तर आलं नाही तर मी फोन करीन. उशिराबद्दल मनापासून क्षमस्व.

हा मेसेज कोणत्या क्रमाने बोलतो ते पाहा. आधी कोणती वस्तू, मग जुनी तारीख, मग नवी. कारण एका वाक्यात. विणकराच्या घरची अडचण, कुरिअरवाल्याची तक्रार, आपली तब्येत असं सगळं लिहिलं, की ताईंना ‘रद्द’ म्हणायचा संकोच वाटतो. तो संकोच पुढे नाराजी होऊन बाहेर येतो.

दोन्ही पर्याय सारख्याच सोपेपणाने लिहिले आहेत, हेही पाहा. ‘थांबते’ म्हणायला एक शब्द आणि रद्द करायला ‘कारण कळवा, बँकेचा तपशील द्या, मग बघू’ असं असेल, तर ती मुभा नव्हे. पैशांऐवजी ‘तेवढ्या किमतीचं दुसरं काही घ्या’ असं सुचवायला हरकत नाही, पण तो तिसरा पर्याय असावा, पैसे परत करण्याच्या जागी नाही.

मेसेज प्रत्येकीला वेगळा पाठवा. ग्रुपवर टाकला तर एकीच्या ‘रद्द’मागे दुसरीही चुळबुळते आणि कोणी काय मागवलं हे सगळ्यांना कळतं. ब्रॉडकास्ट लिस्टवर भरवसा ठेवू नका. ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही. तुम्हाला वाटतं सगळ्यांना सांगितलं आणि नव्या ग्राहकांना काहीच कळलेलं नसतं. वयस्कर काकूंना आधी फोन करा आणि मग तेच लिहून पाठवा. बोलणं विसरलं जातं, लिहिलेली तारीख राहते.

उत्तर आलंच नाही तर?

११ पैकी दोघी-तिघी तरी उत्तर देत नाहीत. मग गप्प राहणं म्हणजे होकार समजायचा का?

याचा विचार अमेरिकेत पूर्वीच झालेला आहे. टपालाने माल विकणाऱ्यांसाठी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ साली एक नियम केला. पुढे तो फोन आणि इंटरनेटवरच्या विक्रीलाही लागू झाला. त्याचं सार असं आहे. सांगितलेल्या वेळेत माल पाठवता येत नसेल, तर ग्राहकाला नवी तारीख कळवायची आणि फुकट रद्द करण्याची सोय द्यायची. पहिला उशीर ३० दिवसांपर्यंतचा असेल, तर ग्राहकाचं मौन हा होकार धरता येतो. उशीर त्याहून मोठा असेल किंवा तारीखच सांगता येत नसेल, तर मौन म्हणजे नकार आणि पैसे परत. पुन्हा दुसऱ्यांदा उशीर झाला, तर ग्राहकाने स्पष्ट ‘हो’ म्हटल्याशिवाय ऑर्डर पुढे नेता येत नाही.

हा कायदा आपल्याला लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगला आहे. आपल्या उदाहरणात पहिल्या सहा जणींचा उशीर २० दिवसांचा आहे. त्यांच्यातली कोणी फोनही उचलत नसेल, तर ऑर्डर चालू ठेवायला हरकत नाही, फक्त तसं लिहून कळवा. उरलेल्या पाच जणींचा उशीर ३५ दिवसांचा आहे. तिथे मेसेज आणि दोन फोन यांनंतरही उत्तर नसेल, तर पैसे परत करून ‘साडी अजून हवी असेल तर अवश्य कळवा’ असं लिहिणं जास्त बरं. गप्प बसलेल्या ग्राहकाच्या गळ्यात दिवाळीच्या तोंडावर साडी आणि उरलेल्या १,६०० रुपयांची मागणी पडली, तर वाद ठरलेला.

आपल्याकडे ऑनलाइन विक्रीसाठी केंद्र सरकारने २०२० साली ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम केले. एखाद्या मार्केटप्लेसवर तुमचं दुकान असेल, तर त्यातली एक गोष्ट माहीत हवी. सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोचलेला माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे परत करायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. हाताबाहेरच्या मोठ्या आपत्तीमुळे उशीर झाला असेल, तरच अपवाद. दरवर्षी येणारा पाऊस त्या अपवादात बसवायच्या भानगडीत पडू नये.

परत करायचे पैसे कुठून आणायचे?

खरी अडचण इथे असते आणि त्यावर कोणी बोलत नाही. ११ जणींचे मिळून १७,६०० रुपये आगाऊ आलेले आहेत. ते सगळे सुतासाठी विणकराला दिले असतील, तर ‘दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ण परत करीन’ हे वाक्य लिहिताना हात थरथरणारच. मेसेज लांबणीवर पडतो तो बरेचदा संकोचामुळे नाही, तर परत द्यायला पैसे नसतात म्हणून.

याचा उपाय मेसेजच्या वेळी सापडत नाही, ऑर्डर घेतानाच करून ठेवावा लागतो. आलेल्या आगाऊ रकमेचा एक तृतीयांश भाग माल पोचेपर्यंत हलवायचा नाही, वेगळ्या खात्यात ठेवायचा. इथे तो सुमारे ५,८५० रुपये होतो, म्हणजे तिघींचे पैसे लगेच परत करता येतात. समजा, दोघींनी ‘रद्द’ लिहिलं आणि एकीचं उत्तरच आलं नाही. तिघींचे ४,८०० रुपये त्यातूनच निघतील. त्या तीन साड्या बुडत नाहीत. ताणा मागावर चढलेला आहे, विणकराचं काम थांबवायचं नाही. साड्या तयार होतील तेव्हा दिवाळीचे ग्राहक असतीलच. मात्र ब्लाउज शिवून द्यायचा असेल किंवा नाव विणून घ्यायचं असेल, तर तसा माल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. अशा ऑर्डरसाठी वेगळी ठेवायची रक्कम वाढवा, कारण उशीर आपल्याकडून झाला आहे, तो भुर्दंड ताईंवर टाकता येत नाही.

पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करा आणि व्यवहाराचा क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट पाठवा. यूपीआयने परत करणार असाल, तर मेसेजमध्ये एक ओळ आवर्जून घाला: ‘पैसे मिळण्यासाठी तुम्हाला पिन टाकायची किंवा क्यूआर स्कॅन करायची गरज नाही.’ रिफंडच्या नावाखाली पिन टाकायला लावून फसवणारे खूप आहेत. तुमच्या उशिराच्या मेसेजचा कोणी असा गैरफायदा घेऊ नये, याची ही खबरदारी. कार्डाने आलेली रक्कम पेमेंट गेटवेमधून परत जाते आणि खात्यात दिसायला काही कामाचे दिवस लागतात. तेही आधीच सांगा, नाहीतर तुम्ही दिलेले पैसे मिळालेच नाहीत, असं त्यांना वाटतं.

नवी तारीखही हुकते आहे असं दिसलं तर?

ते आधीच ओळखता येतं. काम सुरू झाल्यावर सहाव्या दिवशी विणकराला फोन करा आणि ‘कसं चाललंय?’ असं न विचारता ‘मागावर किती साड्या झाल्या?’ असं विचारा, शक्य असेल तर फोटो मागवा. चार दिवसांना एक साडी हे गणित असेल, तर सहाव्या दिवशी प्रत्येक मागावर दीड साडी झालेली हवी. एकाच मागावर काम सुरू आहे किंवा पहिलीच साडी अर्धवट आहे असं दिसलं, तर तारीख त्याच दिवशी घसरली आहे, फक्त ती तुम्हाला अजून जाणवलेली नाही.

हाताशी ठेवलेल्या दिवसांत ही घसरण मावत असेल, तर काही कळवायची गरज नाही. मावत नसेल, तर दुसरा मेसेज लगेच पाठवा. त्यात क्रम बदला. आधी रद्द करण्याचा पर्याय, मग नवी तारीख. आणि या वेळी ‘थांबते’ असं उत्तर आल्याशिवाय ऑर्डर पुढे नेऊ नका. तिसरी तारीख देण्याची वेळ आली, तर ती देऊच नका. पैसे परत करा, साडी हातात आल्यावर फोटो पाठवा आणि हवी असेल तर तेव्हा घ्या म्हणा.

तुमच्या ऑर्डरच्या वहीत आज दोन रकाने वाढवा, ‘कधीपर्यंत हवी’ आणि ‘सांगितलेली तारीख’. पुढच्या वेळी कारागिराचा फोन आला, की कोणाला आधी आणि काय कळवायचं हे त्या दोन रकान्यांतच दिसेल.